मदत हवी आहे: गेम आधी मस्त चालतो, मग अटकतो. फोन न बदलता काही होईल का?

वऱ्हाडी_स्नायपर
भाऊ लोकं, लवकर सांगा, रात्री ९ ला स्क्वाड बसतो आपला. बीजीएमआय खेळतो, फोन लई अटकते. ऐन फाइटमध्ये स्क्रीन थांबते, परत चालू होते तोवर मी मेलेलो असतो. ग्राफिक्स एकदम कमीवर आहे, कॅश पण साफ केला, तरी तेच. नवीन फोन घ्या म्हणू नका, पैसे नाहीत.

हेडशॉट_बंड्या
सिम बदल. माझं पण असंच व्हायचं, दुसऱ्या कंपनीचं घेतलं आणि पिंग ४० वर आला.

वऱ्हाडी_स्नायपर
पिंग हिरवाच असते रे, ५०-६०. नेटचा विषयच नाही.

रिपेअरवाला
फोन कुठला, रॅम किती, जागा किती शिल्लक हे लिहिलंच नाहीस. आणि मुख्य म्हणजे अटकतो कधी? पहिल्या मिनिटापासून की थोड्या वेळाने? उत्तर त्यावरच आहे, बाकी सगळं नंतर.

निखळ_जुगाडू
डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जा, Force 4x MSAA चालू कर, Disable HW overlays चालू कर. नंतर फोन कॉम्प्युटरला जोडून रेझोल्युशन कमी कर:

```
adb shell wm size 720x1600
```

मी दोन वर्षं असाच खेळतोय, लोण्यासारखा चालतो.

रिपेअरवाला
पहिल्या दोन्ही गोष्टी उलट्या सांगतोयस. MSAA म्हणजे कडा गुळगुळीत करायचं जास्तीचं काम, ते आधीच दमलेल्या जीपीयूच्या डोक्यावर. ओव्हरले बंद केले की स्क्रीन जुळवायचं कामही त्याच्याच गळ्यात पडतं. रेझोल्युशनचं बरोबर आहे पण फुल एचडी स्क्रीन असेल तर. स्वस्त फोन बहुतेक आधीच ७२० चे असतात, मग कमी काय करणार?

निखळ_जुगाडू
माझ्याकडे चालतो म्हणजे चालतो. तुम्ही दुकानात बसून सांगता, आम्ही खेळून सांगतो.

मी_वसुधा
माझाही फोन फार हँग होतो हो, मुलीशी व्हिडिओ कॉल लावला की दहा मिनिटांत तापतो आणि उजेड आपोआप कमी होतो. तेच असेल का? मी गेम खेळत नाही.

रिपेअरवाला
वसुधाताई, तेच आहे. तापला की फोन आधी उजेड कमी करतो, चिपचा वेगही कमी करतो. कॉल लावताना चार्जर काढून ठेवा आणि कव्हर काढा.

वऱ्हाडी_स्नायपर
४ जीबी रॅम, ६४ वाला, १.९ जीबी शिल्लक दाखवते. स्क्रीन ७२० चीच आहे. पहिली मॅच चांगली जाते, दुसरीत अर्ध्यातून चालू होते अटकणं. तिसरी तर विचारूच नका. फोन तीन वर्षं जुना. ग्राफिक्स स्मूद आणि फ्रेम रेट अल्ट्रा.

रिपेअरवाला
हे आधी सांगितलं असतंस तर! आणि "एकदम कमीवर" नाहीये ते. चित्र स्मूदवर आहे, फ्रेम रेट अल्ट्रावर म्हणजे सेकंदाला ४०. चार्जिंग लावून खेळतोस ना? आणि बसतोस कुठे?

वऱ्हाडी_स्नायपर
हो, बॅटरी टिकत नाही ना. गादीवर पडून खेळतो, कूलरसमोर. कव्हर आहे जाड रबरी, पडतो फोन.

चहाबाज
अकोला आणि मे महिना आणि रबरी कव्हर आणि चार्जर. भाऊ तू फोन खेळत नाहीयेस, पापड भाजतोयस 😂

रिपेअरवाला
हसू नका, दुकानात रोज एक तरी असा येतो. ऐक नीट. पहिली मॅच ठीक आणि दुसरीत घसरते, म्हणजे ताप. चिप गरम झाली की फोन स्वतःच तिचा वेग उतरवतो, मग ४० चे कधी ३५ होतात कधी २२. डोळ्याला आकडा खटकत नाही, ही वरखाली खटकते. म्हणून फ्रेम रेट अल्ट्रावरून हायवर आण, म्हणजे ३०. चिपला दम राहतो, ताप हळू चढतो. आणि तुझी स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर ३० तिच्यात बरोबर बसतात, प्रत्येक चित्र दोन वेळा. ४० बसत नाहीत, एक चित्र एकदा आणि पुढचं दोनदा दिसतं, त्यामुळे ताप नसतानाही चाल लंगडी वाटते.

गेमच्या सेटिंगमधले शॅडो आणि अँटी-एलियासिंग दोन्ही बंद. चार्जिंग आधी ९० पर्यंत कर, खेळताना वायर काढ. कव्हर काढ, गादीवर ठेवू नकोस, उजेड निम्म्यावर.

हेडशॉट_बंड्या
३० वर कोण खेळतं? समोरच्याकडे ६० असतात, पीक मारायच्या आधी मरशील. अल्ट्रावरच ठेव आणि मॅचमध्ये फोन दोन मिनिटं फ्रीजमध्ये.

रिपेअरवाला
फ्रीजमध्ये अजिबात नाही. गरम फोन थंडीत गेला आणि बाहेर काढला की आत दव धरतं, असे बोर्ड मी उघडलेत. पंख्याची झुळूक मागच्या बाजूला लागली तरी पुष्कळ. ३० विरुद्ध ६० चं तुझं म्हणणं खरं आहे, पण याच्या फोनमधून ६० टिकणारच नाहीत.

चहाबाज
जागेचं कोणी बोललंच नाही. १.९ म्हणजे फोनचा श्वास कोंडलाय. नवीन घरात शिरताना किंवा गाडीवरून वेगात जाताना क्षणभर झटका बसतो का? तसं असेल तर ते ताप नाही, मेमरी हळू वाचतेय. स्वस्त फोनची मेमरी भरत आली की फार हळू होते. निदान ८-१० जीबी मोकळे कर. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ बघ, आधी ते. आणि गॅलरीतून उडवलेलं ट्रॅशमधूनही काढ, नाहीतर जागा तिथेच अडकून राहते. गेमचा ‘क्लिअर डेटा’ मात्र दाबू नकोस, मॅप सगळे परत डाउनलोड करावे लागतील.

निखळ_जुगाडू
आणि रॅम वाढवायचा ऑप्शन असतो ना, ४ चे ६ करतो तो, चालू कर.

चहाबाज
तो रॅम नाही वाढवत, मेमरीचा तुकडाच रॅम म्हणून वापरतो. त्याच्या भरलेल्या, हळू मेमरीवर तर आणखी ओझं. मी बंद करायला सांगेन.

निखळ_जुगाडू
माझ्या भावाच्या फोनला फायदा झाला. बघ करून, दोन्ही बाजूंनी.

वऱ्हाडी_स्नायपर
काल रात्री केलं. व्हॉट्सॲपमध्ये १७ जीबी निघाले राव, ‘शुभ सकाळ’चे फुलं आणि काकाच्या ग्रुपवरचे लग्नाचे व्हिडिओ! ११ जीबी मोकळे झाले. कव्हर काढलं, चार्जर काढला, फ्रेम रेट हाय. बॅटरीचं तापमान दाखवणारं ॲप टाकलं. आधी तिसऱ्या मॅचमध्ये ४५ गेलं होतं, काल ३९-४० वर थांबलं. तीन मॅच अटकल्या नाहीत. घरात शिरतानाचा झटका बराच कमी झाला, पण स्मोक फुटला की अजूनही हालते.

रिपेअरवाला
स्मोकचं तेवढं राहणार, तिथे जीपीयूच कमी पडतो. पण बॅटरी तीन वर्षं जुनी आहे ना? मागचा भाग किंचित फुगलाय का ते एकदा सपाट टेबलावर ठेवून बघ. डुलला तर खेळणं बंद, आधी बॅटरी बदल.

वऱ्हाडी_स्नायपर
डुलतो थोडा. पण तो कॅमेऱ्यामुळे डुलतो ना?

रिपेअरवाला
पालथा ठेव, स्क्रीन खाली करून. मग सांग.

मी_वसुधा
मी पण ठेवून बघितला. माझा नाही डुलत. पण हे ‘मॅनेज स्टोरेज’ मला सापडत नाहीये, कोणी सांगेल का?