ईयोब १९:२५ मधील ‘गोएल’ : उद्धारक, सोडवणारा की कैवारी?

प्रश्न : ‘माझा उद्धारक जिवंत आहे’ हे ईयोबाचे वचन मराठीत रूढ आहे. मूळ हिब्रू शब्द ‘गोएल’ आहे. ‘उद्धारक’ म्हटले की पापातून तारणारा देव डोळ्यांपुढे येतो; ईयोबाला नेमके तेच म्हणायचे होते का?

पहिला प्रतिसाद : गोएल म्हणजे गहाण पडलेली जमीन सोडवणारा जवळचा नातलग. रूथच्या कथेतील बवाज हा तसाच. म्हणून ‘सोडवणारा’ हाच एकमेव बरोबर शब्द आहे.

दुसरा प्रतिसाद : आमच्या आजोबांचे गहाण पडलेले शेत त्यांच्या चुलत भावाने पैसे भरून सोडवले. ईयोबाची जमीनही अशीच गेली होती का?

तिसरा प्रतिसाद : आपल्या आजोबांचे उदाहरण या शब्दाच्या मुळाशी जाणारे आहे, पण ईयोबाची तक्रार जमिनीची नाही. त्याच अध्यायात, १३ व्या वचनापासून, तो सांगतो की भाऊ दुरावले आणि आप्तांनी पाठ फिरवली. म्हणजे ज्यांनी गोएल व्हायचे तेच उरले नाहीत, आणि तरीही गोएल आहे असे तो म्हणतो. जमीन सोडवणे हे गोएलच्या अनेक कर्तव्यांपैकी एक. गणना ३५ मध्ये खुनाचा सूड घेणारा आप्तही गोएलच आहे, आणि नीतिसूत्रे २३:११ मध्ये अनाथांचा गोएल त्यांचा वाद चालवतो. ईयोबाला आपली बाजू मांडणारा हवा आहे. १६:१९ मध्ये तो स्वर्गातील साक्षीदाराविषयी बोलतो. म्हणून मला ‘कैवारी’ अधिक जवळचा वाटतो.

प्रश्नकर्ता : पण योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला ‘कैवारी’ म्हटले आहे. वाचक दोन्ही जागा एकत्र जोडणार नाही का?

तिसरा प्रतिसाद : जोडेल, आणि ही अडचण खरी आहे. शिवाय ‘कैवारी’ शब्दात नात्याचे बंधन उरत नाही, ‘उद्धारक’मध्ये तर अजिबात नाही. याहून बिकट २६ वे वचन आहे. तेथील ‘मिब्बसारी’ या शब्दातील ‘मिन्’ हा उपसर्ग ‘-तून’ आणि ‘-विना’ असे दोन्ही अर्थ देतो, त्यामुळे ‘माझ्या देहातून मी देवाला पाहीन’ आणि ‘देहाविना पाहीन’ ही दोन्ही वाचने व्याकरणात बसतात. जेरोमने लॅटिनमध्ये आदल्या वचनातील ‘तो उभा राहील’ याचे ‘मी उठेन’ केले, आणि मग पुनरुत्थानाचा अर्थ पक्का झाला. मूळ हिब्रूत मात्र उभा राहणारा गोएल आहे, आणि उभे राहणे हे साक्ष देण्यासाठीही असते.

पहिला प्रतिसाद : मग देहाचे मराठीत काय करावे?

तिसरा प्रतिसाद : मी मजकुरात ‘देहातून’ ठेवीन आणि तळटिपेत ‘देहाविना’ देईन. याच वचनाचा पहिला भाग, ‘माझी कातडी अशी झोडपून निघाल्यावर’ हा, इतका खडबडीत आहे की तेथे कोणताही अनुवाद अंदाजच असतो.