पार्किंगच्या दिव्याखालचा पावटा

*कुलकर्णी वहिनी ए-203:* नमस्कार. मागच्या आठवड्यातही लिहिलं होतं. पाटील काकूंचा पावट्याचा वेल माझ्या ग्रिलमधून आत आलाय. वाळत घातलेल्या चादरीवर मुंग्या. दिवाळी झाली तरी एक शेंग नाही. रविवारी माळी येतोय, मुळातून काढायला सांगू का? सेक्रेटरींनी उत्तर द्यावं.

*जाधव सेक्रेटरी:* वहिनी, दोन्ही बाजू ऐकून ठरवू.

*पाटील काकू ए-103:* मृगात लावलाय. पावटा तेव्हाच लावतात, फूल थंडीच्या तोंडाला येतं. भोगीच्या भाजीला डबा भरून मागच्या वर्षी कोणाकोणाकडे गेला होता, ते मी लिहीत नाही.

*कुलकर्णी वहिनी:* डबा मिळाला होता, धन्यवादही दिले होते. मुद्दा मुंग्यांचा आहे.

*माने काका बी-301:* गाडीतलं पेट्रोल चोरीला गेलं त्याचं काय झालं?

*जाधव सेक्रेटरी:* काका, त्यासाठीच तर गणपतीत पार्किंगला फ्लडलाइट बसवला.

*शिंदे (रोहन) बी-102:* काकू, शेणखत जास्त झालं असेल. नुसता पाला वाढतो.

*पाटील काकू:* बोअरमागच्या ड्रममध्ये हेच बी, हीच माती, त्याच दिवशी लावलेलं. तिकडे तुरे फुललेत, दोन-चार कोवळ्या शेंगाही आहेत. मग खताचा दोष कसा?

*थोरात सर बी-202:* काकूंनी नेमकं सांगितलं. बोअरमागे रात्री अंधार असतो. पार्किंगच्या वेलावर रात्रभर फ्लडलाइट. फरक तेवढाच आहे.

*शिंदे (रोहन):* दिव्याचा आणि पावट्याचा काय संबंध, सर? 😀

*थोरात सर:* आपला जुना वेलीचा पावटा लांब रात्रीशिवाय फुलत नाही. जूनमध्ये सांगलीत दिवस 13 तासांच्या वर असतो, डिसेंबरात 11 च्या आसपास. दसऱ्यानंतर रात्र लांबली की तो पाला थांबवून तुऱ्याला लागतो. पण अंधार सलग लागतो. रात्रभर उजेड पडला तर वेलाच्या लेखी अजून जूनच चाललाय. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन बघा, बाकीचं रान पिवळं पडलं तरी तेवढा तुकडा हिरवाच राहतो.

*शिंदे (रोहन):* हे खरंय. आमच्या वाळव्याच्या रानात खांबाखाली असंच होतं. चुलते म्हणायचे जमीन खराब आहे.

*माने काका:* दिवा बंद करणार असाल तर पेट्रोल कोण भरून देणार? लेखी द्या.

*थोरात सर:* कुलकर्णी वहिनी, एक बघाल? तुमच्या ग्रिलच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे उजेड पोचत नाही, तिथल्या फांदीला काही आहे का?

*कुलकर्णी वहिनी:* बघते.

*कुलकर्णी वहिनी:* वॉशिंग मशीनच्या मागे दोन तुरे आहेत. जांभळट कळ्या. बाहेरच्या बाजूला एकही नाही. शेंड्यांना काळे बारीक किडे मात्र भरपूर.

*पाटील काकू:* तो मावा. मुंग्या त्याच्या चिकट्यासाठीच येतात. मावा गेला की त्याही जातात. आधी पाण्याचा जोरदार फवारा शेंड्यांवर मारा. मग लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि थेंबभर भांड्याचा साबण, संध्याकाळी, पानाच्या खालून. आठवड्याने परत. मीच येते मारायला, आणि ग्रिलच्या आतल्या फांद्या तुम्ही म्हणाल तशा सुतळीने बाहेर वळवून बांधते.

*कुलकर्णी वहिनी:* या. पण दुपारी 4 नंतर.

*जाधव सेक्रेटरी:* सर, वेल काढून आता नवीन लावला तर?

*थोरात सर:* रात्र आधीच लांब आहे, त्यामुळे रोप हातभर असतानाच फुलेल आणि मूठभर शेंगा देईल. जूनपासून वाढलेला अंगाचा वेल हातचा कशाला घालवायचा? आज नोव्हेंबरचा पहिला आठवडा. आता अंधार मिळाला तर साधारण तीन आठवड्यांत तुरे दिसावेत, फुलापासून दाणा भरायला महिनाभर धरा. भोगीला जेमतेम पोचतो. महिना अखेरीस कळ्या दिसल्या नाहीत, तर मात्र भोगी विसरा. बुटका पावटा दिवसाची लांबी बघत नाही, तो दिव्याजवळही चालतो. पुढच्या वर्षी पार्किंगकडे तोच लावा.

*माने काका:* पेट्रोल??

*जाधव सेक्रेटरी:* काका, दिवा बंद होणार नाही. तोंड खाली गाड्यांकडे वळवू, वेलाच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावू.

*थोरात सर:* चालेल. रात्री वेलाजवळ उभं राहून बघा, पानावर उजेड पडतोय का. पडत असेल तर आडोसा कमी पडला.

*माने काका:* माझ्या गाडीवर उजेड पडला पाहिजे, मी स्वतः उभा राहून बघणार.

*जाधव सेक्रेटरी:* या की. उद्या 7 वाजता वायरमन येतोय. सोसायटीची शिडी कोणाकडे आहे?