ड्युवर्जेचा नियम गोव्यात नेमका कुठे अडतो?

फोंडेकर: ज्याला जास्त मते तो विजयी, या पद्धतीत शेवटी दोनच पक्ष टिकतात, असे मोरिस ड्युवर्जे यांनी १९५१ मध्ये मांडले. गोव्यात २०२२ ला इतके पक्ष रिंगणात होते, मग हा नियम खोटा म्हणायचा का?

मांडवीकाठ: खोटाच. भाजपला सुमारे ३३ टक्के मतांवर ४० पैकी २० जागा मिळाल्या, रिव्होल्युशनरी गोवन्सना नऊ टक्क्यांहून अधिक मते मिळूनही एकच. तरीही भाजप आणि काँग्रेसच्या बाहेर चाळीस टक्क्यांहून अधिक मते गेलीच. मत वाया जाईल ही भीती लोकांना असती, तर असे झाले नसते.

जुना निरीक्षक: आकडे बरोबर आहेत, पण ते साऱ्या राज्याची बेरीज आहेत. मतदारापुढे असतो तो एकच मतदारसंघ, आणि नियमाचा जोरही तिथेच लागतो. राज्यशास्त्रज्ञ गॅरी कॉक्स यांची कसोटी सोपी आहे : तिसऱ्याची मते दुसऱ्याच्या मतांनी भागा. उत्तर शून्याजवळ आले, तर तिसऱ्याचे मतदार त्याला सोडून गेले. एकाजवळ आले, तर मागे कोण आहे हे कुणालाच उमगले नाही. पणजीत २०२२ ला पहिल्या दोघांत ७१६ मतांचे अंतर होते आणि तिसऱ्याला तीन हजारांवर मते होती. उत्तर साधारण निम्मे येते, म्हणजे काही मतदार सरकले, काही हटले नाहीत. सरासरी २९ हजार मतदारांच्या मतदारसंघात तिसरा कोण हे आधी कळायला चावडीवरच्या गप्पांपलीकडे फारसे साधन नसते. शिवाय प्रत्येक मतदारसंघात दोघांचीच झुंज झाली, तरी जोड्या वेगळ्या असू शकतात : प्रियोळात भाजपसमोर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष म्हणजे मगोप होता, सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्स. अशा जोड्यांची बेरीज केली की विधानसभेत अनेक पक्ष दिसतात. ही गाठ राज्यभर एकच का बसत नाही, हे ड्युवर्जे सांगत नाहीत.

वाड्यावरचा: आमच्या पंचायत प्रभागात चौघे उभे होते आणि विजयी उमेदवार अकरा मतांनी निवडून आला. तिथे पक्षाचे चिन्हच नसते, मग नियम लागतो की नाही?

जुना निरीक्षक: पद्धत तीच असल्याने लागायला हवा, मात्र चिन्ह नसले की कोण मागे पडला हे ओळखण्याची एक खूणच जाते. घराण्यांच्या गणितावर लोक ते ओळखतात का, हे तुम्हीच सांगा.

वाड्यावरचा: आमच्याकडे ते आदल्या रात्रीपर्यंत बदलत होते.

मांडवीकाठ: पण १९६३ नंतर मगोप आणि युनायटेड गोवन्स असे दोनच पक्ष प्रबळ होते ना? ते पद्धतीमुळे होते की महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या प्रश्नामुळे? १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलानंतरही ती जोडी काही वर्षे टिकली.

जुना निरीक्षक: माझ्या मते दोन्हींमुळे, पण किती कशामुळे हे वेगळे काढता येत नाही.

मांडवीकाठ: मग हा नियम हरतो तरी कधी? दर वेळी नवी जोडी दाखवून तुम्ही तो वाचवणार.

जुना निरीक्षक: एकाच मतदारसंघात, तेच उमेदवार असताना, लागोपाठ तीन निवडणुकांत ते उत्तर एकाजवळ राहिले, तर मी हार मानीन. फक्त आपल्याकडे तेच उमेदवार त्याच पक्षातून तीनदा उभे राहिलेले सापडणे कठीण आहे.