मदत हवी आहे: एसओपी फारच फुशारकीचा झालाय, कसा बदलू?

कोपरखैरणेकर_मुलगी: सिव्हिल झालंय, आता पाण्याच्या विषयात मास्टर्ससाठी बाहेर अप्लाय करतेय. सुरुवात अशी आहे (मराठीत टाकतेय): "लहानपणापासून मला जलव्यवस्थापनाची प्रचंड ओढ. मी उत्कृष्ट लीडर असून माझ्या प्रोजेक्टने नवी मुंबईच्या पुरावर क्रांतिकारी उपाय शोधला." ताई म्हणाली हा वाढदिवसाचा बॅनर आहे. विशेषणं काढली तर काही उरतच नाही, काय करू?

घोडबंदरचे_काका: आकडे टाक. 'पूर 40 टक्के कमी' असं काहीतरी. आणि चुका अजिबात लिहायच्या नाहीत.

निळी_छत्री: काका, आकडा हवा पण मोजलेला. इंटरव्ह्यूत 'कशाच्या तुलनेत 40?' विचारलं की ही गप्प. तू स्वतः काय केलंस ते सांग आधी.

कोपरखैरणेकर_मुलगी: चौघांचा ग्रुप होता, वाशीच्या एका धारण तलावाचं SWMM सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं, भरतीला गेट बंद झालं की पावसाचं पाणी तलावात थांबतं ना, ते. पाऊस आणि भरतीचा डेटा माझ्याकडे. मॉडेलमध्ये तलाव भरतच नव्हता आणि खरं तर जुलैत सेक्टरमध्ये घोटाभर पाणी आलेलं! मग कळलं की खोली आम्ही जुन्या ड्रॉइंगवरनं घेतलेली आणि आत गाळ. बांबूला खुणा करून काठाने चार ठिकाणी मोजलं, निम्मी पण नाही. पण ही आमची चूकच ना, कशी लिहू?

निळी_छत्री: अगं हाच तुझा एसओपी! असं बघ:

"चौघांच्या प्रोजेक्टमध्ये पाऊस आणि भरतीचा डेटा मी पाहत होते. मॉडेलमध्ये तलाव भरला नाही, सेक्टरमध्ये मात्र पाणी आलं. खोली आम्ही जुन्या ड्रॉइंगमधून घेतली होती. काठालगत चार ठिकाणी बांबूने मोजली तर निम्मीही नव्हती, मधला भाग मोजता आला नाही. साठत जाणारा गाळ मॉडेलमध्ये कसा धरायचा, ते मला शिकायचंय."

काठाला तलाव तसाही उथळच असतो, म्हणून 'तलाव निम्मा बुजलाय' असं ठोकू नकोस, वाचणारा प्रोफेसर याच विषयातला असणार. शेवटच्या ओळीला त्या युनिव्हर्सिटीतला गाळावरचा कोर्स जोड, पण सिलॅबस उघडून बघ खरंच आहे का. आणि ग्रुपमधल्या दुसऱ्या मुलीच्या एसओपीत जसंच्या तसं खपेल ते वाक्य उडव. 'उत्कृष्ट लीडर' तिथेच गेलं.

सानपाडा_लोकल: माझा व्हिसा यानेच रिजेक्ट झाला, परत येणार हे ठळक लिहा!!

निळी_छत्री: तो व्हिसाचा एसओपी दादा, हा अ‍ॅडमिशनचा.

कोपरखैरणेकर_मुलगी: थँक्यू, ताईला पण पटलं. एक राहिलं, हायड्रॉलिक्समध्ये केटी लागलेली, ते लिहू?

घोडबंदरचे_काका: नको गं बाई, मार्कशीटवर दिसतंच.

निळी_छत्री: दिसतंच म्हणून तर एक ओळ लिहावी. याच विषयाला अप्लाय करतेय, विचारणारच ते.

घोडबंदरचे_काका: विचारलं तर सांगेल की.