प्रतिसाद: चिनाम्पा तरंगत नव्हत्या

"बागा तरंगत्या होत्या, तर खाऱ्या पाण्याने पिकं जळत कशी नव्हती?"

तरंगत नव्हत्याच त्या. चिनाम्पा म्हणजे मेक्सिकोच्या खोऱ्यातल्या तळ्यांत केलेल्या अ‍ॅझ्टेक काळातल्या बागा. उथळ तळ्यात खुंट ठोकून, कूड विणून आत गाळ आणि पाणवेलींचे थर भरत. काठाला लावलेल्या विलोची मुळं माती धरून ठेवत. दक्षिणेचं शोचिमिल्को तळं झऱ्यांचं, गोडं. खारं होतं ते पूर्वेचं तेश्कोको. पावसाळ्यात ते फुगलं की टेनोच्टिट्लान या अ‍ॅझ्टेक राजधानीच्या बागांत मीठ शिरे. म्हणून पंधराव्या शतकाच्या मध्यात, मोठ्या पुरानंतर, तेश्कोको शहराचा राजा नेसावाल्कोयोत्ल याच्या देखरेखीखाली सुमारे 16 किलोमीटरचा बांध घातला गेला.

मला सर्वांत आवडते ती रोपवाटिका. ओला गाळ पसरून, जरा आवळला की चौकोनी वड्या पाडायच्या, बोटाने खळगा करून बी टाकायचं. रोप वडीसकट उचलून लावलं की मुळांना धक्का नाही, आणि आधीचं पीक उभं असतानाच पुढचं तयार! राजधानीत खंडणीचा मका यायचाही, पण ओझ्याची जनावरं नव्हती. लांबून आणणारा हमाल वाटेत त्यातलाच खाणार. भाजी मात्र होडीतून थेट बाजारात.