मदत हवी आहे: अर्धवेळ कामातून मूलभूत खर्च भागला, तर पुंजी नेमकी किती कमी लागते?

पाऊलवाट:
माझं वय ४२. पूर्णवेळ नोकरी सोडून आठवड्यातून तीन दिवस तांत्रिक लेखनाचं काम घ्यायचा विचार पक्का होत आलाय. सोडण्याआधी हिशोब कोणीतरी जाणत्याने तपासावा म्हणून हा धागा.

खरे आकडे देत नाही, प्रमाणात देते. माझा सध्याचा वर्षाचा एकूण खर्च १०० धरा. त्यातला ६० मूलभूत: जेवणखाण, वीज-पाणी, घराची देखभाल, औषधं, आरोग्य विमा. नोकरी सुटल्यावर विमा स्वतःच घ्यावा लागेल, म्हणून तो हप्ताही ६० मध्येच धरलाय. उरलेले ४० प्रवास, छंद, भेटी, मोठी खरेदी. घर स्वतःचं आहे, कर्ज नाही, माझ्यावर कोणी अवलंबून नाही. गुंतवणूक आज ११०० आहे, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या ११ पट.

अर्धवेळ कामातून कर वजा जाता ६० हातात पडतील. मूलभूत खर्च त्यातच भागतो. मग पुंजीतून फक्त ४० काढायचे. ४० च्या २५ पट म्हणजे १०००, आणि माझ्याकडे ११०० आहेत. हा हिशोब बरोबर आहे का? ५८ नंतर काम करायची इच्छा नाही.

निरंजन:
अगदी बरोबर आहे. खर्चातून मिळकत वजा करायची आणि उरलेल्याला २५ ने गुणायचं, सगळे असंच करतात. तुमच्याकडे तर १०० जास्तच आहेत. मी तुमच्या जागी असतो तर उद्याच राजीनामा दिला असता.

दीपस्तंभ:
११०० कुठे गुंतवलेत ते आधी सांगा. सगळं मुदत ठेवीत असेल तर महागाई खाऊन टाकेल. आणि बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होऊन दिवसभर करणार काय? माझे काका लवकर निवृत्त झाले आणि वर्षभरात कंटाळले.

पाऊलवाट:
दीपस्तंभ, मी निवृत्त होत नाहीये, काम कमी करतेय. गुंतवणुकीत साधारण निम्मे शेअर आणि निम्मे रोखे आहेत.

हिशेबनीस:
ताई, राजीनामा देण्याआधी हे वाचा. निरंजन यांचा हिशोब एका अटीवर बरोबर आहे: ते ६० तुम्हाला शेवटपर्यंत मिळत राहिले पाहिजेत. तुम्ही स्वतःच लिहिलंय की ५८ नंतर काम नाही. त्या दिवसापासून पुंजीवर ४० चा नाही, पूर्ण १०० चा भार पडतो, आणि तो २५ पटीच्या गुणाकारात कुठेच दिसत नाही.

म्हणून हिशोबाचे दोन तुकडे करा. पहिला ४२ ते ५८, ही १६ वर्षं दरवर्षी ४०. दुसरा ५८ पासून ९० पर्यंत, ही ३२ वर्षं दरवर्षी १००. महागाई वजा जाता परतावा ३ टक्के धरतो. त्यामुळे सगळे आकडे आजच्याच किमतीत राहतात आणि महागाईचा वेगळा हिशोब ठेवावा लागत नाही. स्प्रेडशीटमध्ये हे टाका:

```
=PV(0.03,16,-40)
=PV(0.03,32,-100)/1.03^16
```

पहिल्याचं उत्तर साधारण ५०२ येतं, दुसऱ्याचं १२७१. बेरीज १७७३. तुमच्याकडे आहेत ११००.

आता उलट बाजूने पाहा. ११०० घेऊन आज निघालात आणि दरवर्षी ४० काढत गेलात, तर ५८ व्या वर्षी साधारण ९६० उरतील. त्यातून पुढची ३२ वर्षं दरवर्षी ४७ च्या आसपास काढता येतात. तुमचा मूलभूत खर्चच ६० आहे. म्हणजे सोळा वर्षं सगळं सुरळीत वाटेल, पुंजी फार घटलेलीही दिसणार नाही, आणि काम थांबवायच्या दिवशी कळेल की थांबता येत नाही. या योजनेची खरी अडचण ही आहे. ती चुकतेय हे फार उशिरा उमगतं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. १६ वर्षं टिकणारी अर्धवेळ मिळकत १० ने वाढली, तर आज लागणारी पुंजी २५० ने कमी होत नाही, साधारण १२५ ने होते. काम जितकी कमी वर्षं टिकेल तितकी ही सूट लहान.

निरंजन:
मान्य, काम कधी थांबणार हे मी धरलंच नव्हतं. पण ३ टक्के फार कमी नाही का? आणि ही २५ पट ज्यातून येते, तो दरवर्षी पुंजीच्या ४ टक्के काढण्याचा नियम तर अभ्यासातून सिद्ध झालेला आहे.

हिशेबनीस:
त्या नियमाचं मूळ विल्यम बेंगेन यांच्या १९९४ च्या लेखात आहे. त्यांनी अमेरिकेतल्या शेअर आणि सरकारी रोख्यांचा जुना इतिहास घेऊन तपासलं की पहिल्या वर्षी किती टक्के काढले आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवली, तर पैसे किमान ३० वर्षं पुरतात. एक देश, ३० वर्षांची निवृत्ती, असा त्याचा आवाका. इथे ४८ वर्षांचा प्रश्न आहे. ३ टक्के हा माझा अंदाज आहे, तो तुम्ही बदलून पाहू शकता. मात्र ५ टक्के धरून जी योजना जेमतेम बसते, तिच्यावर नोकरी सोडू नये असं माझं ठाम मत आहे.

रानवारा:
मी हे सध्या जगतोय, म्हणून लिहितो. मी पूर्णवेळ नोकरी सोडून आराखडे काढायचं अर्धवेळ काम धरलं. पहिली दोन वर्षं झकास गेली. तिसऱ्या वर्षी मंदी आली. शेअर पडले, आणि त्याच तिमाहीत ज्यांच्याकडून काम येत होतं त्यांनी बाहेरची सगळी कामं थांबवली. पुंजी घटलेली असताना तिच्यातूनच जास्त काढायची वेळ आली.

दुसरं म्हणजे दर. नोकरीत पगारवाढ आपोआप होते. अर्धवेळ कामात आपण मागितल्याशिवाय कोणी वाढवत नाही, आणि मागायला संकोच वाटतो. मी बरेच दिवस त्याच दरावर काम करत राहिलो.

हिशेबनीस:
रानवारा यांनी दरांचा मुद्दा काढला ते फार बरं झालं. महागाई ५ टक्के असेल आणि दर तोच राहिला, तर सहा वर्षांत ६० ची किंमत आजच्या ४५ इतकी उरते. वरच्या हिशोबात आपण ६० सोळा वर्षं तेवढेच भारी राहतील असं गृहीत धरलंय. त्यामुळे दरवर्षी दर वाढवून घेणं हा या योजनेचाच भाग समजा. ताईंच्या करारात ते पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असावं.

मंदीचंही तसंच. पुंजी आणि काम एकाच वेळी कोसळू शकतात. म्हणून दोन वर्षांचा मूलभूत खर्च, तुमच्या बाबतीत १२०, रोख किंवा रोखीसारख्या ठिकाणी ठेवा. काम बंद पडलं तर पडलेले शेअर विकावे लागू नयेत, एवढाच त्याचा उपयोग. पण अर्धवेळ कामाचा एक मोठा फायदाही सांगायला हवा. पुंजीला सुरुवातीची वाईट वर्षं सर्वात जास्त मारक असतात, आणि नेमक्या त्याच वर्षांत तुम्ही तिच्यातून थोडंच काढत असता. १०० काढणाऱ्याची पुंजी अशा पडझडीत मोडू शकते, ४० काढणाऱ्याची सहसा तगते.

पाऊलवाट:
मनापासून आभार. सूत्र टाकून पाहिलं, आकडे तेच येतात. ४७ हा आकडा पाहून खरंच धक्का बसला.

मग काय बदलता येईल ते पाहत बसले. नोकरी आणखी दोन वर्षं केली तर दरवर्षी ८० शिल्लक पडतात. ४४ व्या वर्षी पुंजी साधारण १३३० होते. अर्धवेळ काम ५८ ऐवजी ६२ पर्यंत नेलं आणि तीनऐवजी चार दिवस केलं, तर ६० ऐवजी ८० मिळतील, म्हणजे पुंजीतून फक्त २० काढायचे. असं धरलं तर ४४ व्या वर्षी १३७७ लागतात. जवळजवळ जमतंय. पण चार दिवस आणि ६२ पर्यंत, यात नोकरी सोडण्याचा उद्देशच हरवत नाही ना?

मुक्ता:
ताई, चार दिवस शेवटपर्यंत कशाला हवेत? पहिली सात-आठ वर्षं चार दिवस करा आणि पुंजी वाढू द्या. मग तीन, मग दोन. सुरुवातीला न काढलेल्या पैशाला वाढायला सर्वात जास्त वर्षं मिळतात. शिवाय ६० आणि ४० ही विभागणी कायम धरू नका. माझ्या आईच्या साठीनंतर औषधांचा खर्च वाढला, प्रवासाचा आपोआप कमी झाला.

हिशेबनीस:
मुक्ता यांची मांडणी मला आवडली, फक्त ती तुकड्या-तुकड्याने मांडून पाहावी लागेल. माझ्या मते हवं तर आधी दिवस वाढवा, ६२ पर्यंत काम करायचं का ते नंतर ठरवा. साठीत हे काम मिळेल का, डोळे आणि पाठ साथ देतील का, हे आज कोणीच सांगू शकत नाही. सरकारी किंवा नोकरीतलं काही निवृत्तिवेतन पुढे मिळणार असेल, तर तेवढी रक्कम त्या वयापासून दुसऱ्या तुकड्यातल्या १०० मधून वजा करा. बऱ्याच जणांचा तुटवडा तिथेच भरून निघतो.

पाऊलवाट:
थोडं मिळेल, ते मी धरलंच नव्हतं. किती ते विचारून कळवते.

रानवारा:
एक सुचवतो. ही दोन वर्षं नोकरी करणारच असाल, तर शेवटचं वर्ष फक्त ८० वर जगून पाहा, उरलेला सगळा पगार आल्या दिवशी गुंतवणुकीत टाका. आणि जमल्यास तेच लेखनाचं काम सुट्टीच्या दिवशी थोडं घेऊन ठेवा, पण एका ठिकाणचं नको, निदान दोन ठिकाणांचं. माझं सगळं काम एकाच ठिकाणाहून येत होतं.

पाऊलवाट:
दुसरं ठिकाण अजून नाही. इथे कोणी तांत्रिक लेखनाचं काम बाहेरून देत किंवा घेत असेल, तर दर दरवर्षी वाढवून घेण्याची अट करारात कशी लिहिता, तेवढं सांगाल का?