मांडवात गाणं वाजतं, पण गाणारा कुठे जातो?

मृणाल_सांगली: काल शेजारच्या कार्यालयात नवरी आली आणि तिच्या गाण्यातला गाणाराच गायब! नुसती वाद्यं, तीही विहिरीतून आल्यासारखी. बहिणीच्या लग्नातही अस्संच झालं होतं. हेडफोनवर गाणं चोख, मिक्सरला लावलं की बाई मुकी. तुमचेही अनुभव लिहा.

नाना६२: आमच्याकडे भटजींचा माइक कुई कुई करत होता. स्पीकरसमोरून हलवल्यावर थांबला.

गजू_साउंड: नाना, ते वेगळं. मृणालताई, तुमचा घोळ वायरीचा. मोबाईलमधून डावा-उजवा असे दोन आवाज निघतात. एका बाजूला बारकी पिन, दुसऱ्या बाजूला एकच जाड स्टिरिओ पिन, ही वायर मिक्सरच्या एका चॅनेलला घातली की मिक्सर दोन्ही आवाजांतला फरक तेवढा घेतो. गाणारी दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती वजा होते. कडेची वाद्यं उरतात. वाय केबल घ्यायची: इकडे साडेतीनची पिन, तिकडे दोन जाड मोनो पिना, दोन लाइन चॅनेलना. साध्या ॲम्प्लिफायरला ऑक्स असेल तर तिकडे लाल-पांढऱ्या पिना.

टेक्नो_पक्या: एवढं कशाला? फोनच्या सेटिंगमधे मोनो ऑडिओ चालू करा, झालं.

गजू_साउंड: त्याच वायरीवर मोनो केलंत तर वाद्यंही जातील. दोन्ही बाजू सारख्या, वजाबाकी शून्य 😄 वाय केबल असेल तर मोनो करायला हरकत नाही.

टेक्नो_पक्या: अर्रर्र. बरं.

शुभदा_ठाणे: आमच्या संगीतला गाणारी होती पण आवाज फाटत होता. दिराने फोन कमी केला तरी फाटकाच. कुकर लावलाय, नंतर येते.

गजू_साउंड: वहिनी, फोन माइकच्या भोकात घातला असणार. ते बारीक आवाजासाठी असतं, फोनचा जोर त्याला झेपत नाही. लाइनला घाला. फोन ८०-९० टक्क्यांवर, गेन पूर्ण खाली. मग गाण्यातला सगळ्यात मोठा भाग लावून गेन हळूहळू उघडा, लाल दिवा लुकलुकला की थोडं मागं. फोन अगदी कमी ठेवून गेन चढवला तर खरखर वाढते.

शुभदा_ठाणे: आले. हो, माइकवालंच भोक! डेकोरेशनवाल्याचा पोरगा म्हणाला सगळी भोकं सारखीच 🙄

नाना६२: जेवायला काय होतं?

शुभदा_ठाणे: मठ्ठा-जिलबी. जिलबी गार.

रेवती_पुणे: चार्जर लावला की घुंऽऽ व्हायचं, काढला की बंद. आमचे हे म्हणतात जनरेटरचं. कुणाचं खरं?

गजू_साउंड: चार्जर काढून थांबलं तर अर्थिंगचा फेरा त्या वाटेनं होत असणार. फोन आधीच भरून आणा. जनरेटरवर मात्र चार्जर नसतानाही गुरगुर ऐकलीय मी, त्यामुळे साहेबांनाही पूर्ण खोडून काढत नाही.

मृणाल_सांगली: फोनला जॅकच नसेल तर?

गजू_साउंड: सी टाइपचं कन्व्हर्टर, पण आदल्या दिवशी त्याच फोनवर वाजवून बघा, काही फोनना काही चालत नाहीत. आणि विमान मोड लावा.

टेक्नो_पक्या: अक्षता पडत असताना मामांच्या फोनवर कर्जवाल्यांची रिंग वाजली होती, अख्ख्या मांडवात 😂

नाना६२: उचलला का?